एकर विचारू नका, फूट मोजा

मामांच्या शेताला कुंपण घालायचं ठरलं, तेव्हा ठेकेदार बांधावर आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, किती एकर आहे?" मामा म्हणाले, "एक एकर. सातबारावर चाळीस आर." ठेकेदाराने मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "एकराला आठशे पस्तीस फूट. दीडशेने धरा. सव्वा लाखात काम होतंय."

हिशेबात चूक नव्हती. प्रश्नच चुकीचा होता. कुंपण शेताच्या पोटात घालत नाहीत, काठावर घालतात. सातबारा क्षेत्र सांगतो, काठ किती लांब आहे ते सांगत नाही. मामांच्या जमिनीचा काठ आम्ही टेपने मोजला तेव्हा तो ८९८ फूट भरला, आणि गेट, टेके, बांधाची सफाई धरून खर्च सव्वा लाखाच्या बराच पुढे गेला. तो कसा गेला, हे पायरीपायरीने सांगतो, कारण प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याच्या हातात काहीतरी आहे. इथले भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. भाव तालुक्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे वाचकाने या पायऱ्या घ्याव्यात आणि त्यात आपल्याकडचे आकडे घालावेत.

एकच एकर, वेगवेगळे काठ

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो, ४३,५६० चौरस फुटांचा. हा एकर अगदी चौरस असेल तर त्याची एक बाजू जवळपास २०९ फूट येते आणि चारी बाजू मिळून ८३५ फूट. ठेकेदाराचा आकडा इथून आला होता. पण आपल्याकडे चौरस शेत किती असतात?

आता ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टा घ्या. गुणाकार केला तर क्षेत्र बरोबर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे हाही एकरच. पण याचा काठ आहे १,४५२ फूट. दीडशे रुपये फुटाने चौरस एकराला १,२५,२५० रुपये लागतात, तर या पट्ट्याला २,१७,८०० रुपये. माती तेवढीच, पीकही तेवढंच येईल, पण कुंपणाला ९२ हजार रुपये जास्त.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे शेत जितकं लांबुळकं, तितका गुंठ्यामागे कुंपणाचा खर्च जास्त. दुसरी म्हणजे क्षेत्र चौपट झालं म्हणून काठ चौपट होत नाही. चौरस चार एकरांचा काठ १,६७० फूट येतो, एका एकराच्या फक्त दुप्पट. म्हणून "एकराला एवढे" असा कुंपणाचा दर कोणी सांगितला तर तो कोणत्या आकाराच्या, किती मोठ्या शेताचा आहे हे विचारल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

वाटणीच्या वेळी ही गोष्ट फार महाग पडते. १३२ फूट रुंद आणि ३३० फूट लांब असा एक एकर दोन भावांत वाटायचा आहे असं धरा. दोघांनाही रस्त्याला तोंड हवं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी जमीन उभी चिरतात. मग प्रत्येकाला ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब पट्टी येते आणि तिचा काठ ७९२ फूट होतो. तीच जमीन आडवी वाटली तर प्रत्येकाचा तुकडा १३२ बाय १६५ फुटांचा होतो आणि काठ ५९४ फूट. दोन्हीकडे वीस-वीस गुंठेच, पण उभ्या वाटणीत प्रत्येक भावाला १९८ फूट जास्तीचं कुंपण, म्हणजे दीडशेच्या दराने २९,७०० रुपये. आडव्या वाटणीत मागच्या भावाला वाट सोडावी लागते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ती जमेलच असं नाही. पण वाटणी करताना हा आकडा दोघांपुढे असायला हवा.

उभी वाटणी झालीच, तर मधल्या बांधावर दोघांनी मिळून एकच कुंपण घालावं. ३३० फुटांचे ४९,५०० रुपये निम्मे-निम्मे केले की प्रत्येकाचे २४,७५० वाचतात. मी पाहिलेल्या एका शेतात दोन सख्ख्या भावांच्या दोन जाळ्या हातभर अंतराने समांतर गेल्या आहेत आणि मधल्या बोळात फक्त गवत वाढतं.

टेप कसा धरायचा

मामांची जमीन चौकोनी असली तरी चारी बाजू वेगवेगळ्या होत्या. शंभर फुटी टेप, दोन माणसं आणि चार खुंट्या घेऊन आम्ही सकाळी लागलो. पूर्वेचा बांध ३१० फूट, दक्षिणेचा १५२, पश्चिमेचा २९६ आणि रस्त्याकडचा उत्तरेचा १४०. बेरीज ८९८.

मोजताना तीन ठिकाणी चूक होते. बांध वाकडा असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ टेप धरून चालत नाही. जिथे बांध वळतो तिथे खुंटी ठोकायची आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. त्या प्रत्येक खुंटीवर पुढे कोपऱ्याचा पोल येणार असतो, म्हणून वळणं किती आहेत तेही लिहून ठेवायचं.

दुसरी चूक उताराची. सरकारी नकाशातलं अंतर सपाटीवरचं असतं, पण जाळी जमिनीच्या उतारावरून जाते. चार फुटांना एक फूट असा चढ असेल, तर नकाशातले शंभर फूट जमिनीवर १०३ फूट होतात. मामांचं शेत सपाट होतं, पण मावळात किंवा कोकणातल्या डोंगरउतारावर हा फरक धरावा लागतो.

तिसरी चूक एककाची. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, मोजणीचा नकाशा मीटरमध्ये आणि ठेकेदाराचा दर फुटात. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. नकाशात काठ २७३.७ मीटर दिसला, तर तो ८९८ फूट. आर आणि गुंठा जवळपास सारखे असले तरी एकच नाहीत. एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४०.४७ आर.

दीडशे रुपयांत काय काय येतं

काठ मिळाला की दर. ठेकेदार 'रनिंग फुटाचा' दर सांगतो, म्हणजे कुंपणाच्या लांबीच्या एका फुटाचा. उंची कितीही असो, मोजायची लांबीच. म्हणून दर ऐकताना त्यात उंची किती, जाळी कोणती, पोल किती अंतरावर आणि वरून काटेरी तार किती ओळी, हे बरोबर विचारायला हवं. नाहीतर एकाचा दीडशे आणि दुसऱ्याचा एकशे तीस हे एकाच कुंपणाचे दर आहेत असं वाटतं, आणि ते तसे नसतात.

दर उलगडून पाहायचा सोपा मार्ग म्हणजे दहा फुटांचा हिशेब मांडायचा. मामांच्या कामात पाच फूट उंच जाळी, तिच्यावर काटेरी तारेच्या दोन ओळी आणि दर दहा फुटांना सिमेंटचा पोल ठरला होता. म्हणजे दहा फुटांत एक पोल येतो. तो आठ फुटी, कारण दोन फूट जमिनीत, पाच फूट जाळीला आणि एक फूट वरच्या काटेरी तारेला लागतो. वाहतुकीसह त्याचे ४०० रुपये. खड्डा आणि त्यातलं काँक्रीट १४० रुपये. जाळी दहा फूट लांब, पाच फूट उंच, म्हणजे पन्नास चौरस फूट. दहा गेजची, तीन इंची डोळ्याची जाळी असेल तर एवढ्या तुकड्याचं वजन साधारण आठ किलो भरतं. ९० रुपये किलोने ७२० रुपये. काटेरी तार दोन ओळींची वीस फूट. बारा गेजची काटेरी तार किलोला साधारण तीस फूट येते, म्हणून ६० रुपये. आडव्या ताणतारा आणि बांधायची तार ४० रुपये. मजुरी १४० रुपये. बेरीज १,५००, म्हणजे फुटाला दीडशे.

अशी फोड केली की पहिल्यांदा लक्षात येतं की निम्मा पैसा जाळीत आहे. आणि जाळी दिसायला फुटावर असली तरी खरी वजनावर विकली जाते. म्हणून फसवणूक झाली तर ती तिथेच होते.

गेजचा खेळ

तारेच्या गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा लहान, तार जाड. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते, बारा गेजची २.६४ मिलिमीटर. हातात घेतल्यावर फरक थोडासाच वाटतो, पण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे दहा गेजच्या जाळीत बारा गेजच्या दीडपट लोखंड असतं. आमच्या हिशेबात दहा फुटांच्या तुकड्यात आठ किलोऐवजी सव्वापाच किलोच जाळी आली असती, म्हणजे फुटामागे सुमारे २४ रुपयांचा माल कमी. ८८६ फुटांत तो २१ हजारांच्या वर जातो. (८९८ ऐवजी ८८६ का, ते गेटपाशी सांगतो.)

हे ओळखायला यंत्र लागत नाही. जाळीच्या टोकाच्या तारेचे बोटभर लांबीचे दहा सरळ तुकडे कापायचे, सपाट फळीवर एकमेकांना चिकटून लावायचे आणि रुंदी पट्टीने मोजायची. सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास आली तर दहा गेज. २६-२७ मिलिमीटर आली तर बारा गेज. दुसरी खूण वजनाची. पाच फूट उंच आणि पन्नास फूट लांब बंडल वजनकाट्यावर घालायचं. दहा गेजचं चाळीस किलोच्या आसपास भरायला हवं. ते सत्तावीस-अठ्ठावीसवर थांबलं तर बंडल परत पाठवायचं. प्लास्टिकचं हिरवं आवरण असलेल्या जाळीत आणखी एक अडचण असते. गेज आतल्या तारेचं सांगितलं आहे की आवरणासकट, हे विचारावं लागतं, कारण आवरण खरवडलं की आतून बारीक तार निघू शकते.

तुलना करताना जाळीच्या डोळ्याचंही तेच. तीन इंची डोळ्याऐवजी चार इंची केला की तार कमी लागते आणि दर खाली येतो. गाय-बैल अडवायला चार इंची चालतं, शेळीच्या करडाला किंवा सशाला नाही.

पोल किती, आणि टेके कुठे गेले

दर दहा फुटांना पोल म्हटल्यावर ८८६ फुटांना ८८ किंवा ८९ पोल असा भागाकार आपण करतो. प्रत्यक्षात प्रत्येक बाजू वेगळी भागावी लागते, कारण कोपऱ्यावर पोल यायलाच हवा. पूर्वेच्या ३१० फुटांत दहा फुटांचे ३१ गाळे बसले. दक्षिणेच्या १५२ फुटांत पंधरा गाळे करून दोन फूट उरले असते, म्हणून सोळा गाळे, प्रत्येक साडेनऊ फुटांचा. पश्चिमेला तीस. उत्तरेला मधोमध बारा फुटांचं गेट ठेवलं, दोन्ही बाजूंना चौसष्ट-चौसष्ट फूट राहिले आणि तिथे सात-सात गाळे आले. एकूण ९१ गाळे. कुंपण गेटच्या एका खांबापासून निघून शेताला वळसा घालून दुसऱ्या खांबाला येतं, म्हणून मध्ये ९० पोल लागतात. दोन टोकांचे गेटचे खांब वेगळे.

पण ही नव्वदची संख्या पुरी नाही. जाळी ताणली की ती कोपऱ्याचा पोल दोन दिशांनी आत ओढते. त्याला आतून तिरपे टेके दिले नाहीत तर पहिल्या पावसाळ्यात माती नरमते, पोल झुकतो आणि जाळीला पोट सुटतं. एका कोपऱ्याला दोन टेके, म्हणून चार कोपऱ्यांना आठ. लांब बाजूंवर साधारण शंभर फुटांवर ताण धरणारा एक पोल आणि त्याला दोन्हीकडून एक-एक टेका लागतो. पूर्वेला असे दोन पोल, पश्चिमेला दोन, दक्षिणेला एक, म्हणजे आणखी दहा टेके. असे अठरा. प्रत्येक टेका म्हणजे एक पोल आणि एक खड्डा, ५४० रुपये. त्याचे ९,७२० रुपये होतात.

ठेकेदाराच्या फुटाच्या दरात हे अठरा टेके धरले होते का? आम्ही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टेक्याचं वेगळं असतं, मामा." आधी विचारलं म्हणून ते कागदावर आलं. काम निम्मं झाल्यावर विचारलं असतं तर त्या वेळी त्याने सांगितलेला भाव द्यावा लागला असता.

पोल दहाऐवजी बारा फुटांवर लावून दर कमी करता येतो. पोल आणि खड्डा मिळून ५४० रुपये दहा फुटांत पसरले तर फुटाला ५४, बारा फुटांत पसरले तर ४५. फुटाला नऊ रुपये वाचतात, पण जाळी मध्ये ढिली पडते आणि रानडुकराला खालून मुसंडी मारून ती उचलायला सोपं जातं. डुकरांचा त्रास असलेल्या भागात पोल आठ फुटांवर घ्यावेत आणि जाळीच्या खालच्या कडेने जमिनीलगत काटेरी तारेची एक ओळ ओढावी. तिथे वाचवलेला पैसा एका रात्रीत मक्यात किंवा भुईमुगात जातो.

काळ्या मातीचं वेगळंच दुखणं आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दोन फुटांचा पोल दोन-तीन वर्षांत हलायला लागतो. अशा जमिनीत खड्डा अडीच फूट घ्यायचा, तळाला मुरूम ठोकायचा आणि काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटं आणून उताराचं करायचं, म्हणजे पोलाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. मग पोलही साडेआठ फुटी लागतो, आणि खड्ड्याचा दर वाढतो. तो आधीच दरात धरावा.

गेट: बारा फूट वजा, पण रक्कम जमा

जिथे गेट येतं तिथे जाळी नसते. म्हणून काठातून गेटची रुंदी वजा करायची. ८९८ वजा १२, म्हणजे ८८६ फूट. दीडशेने गुणले की १,३२,९०० रुपये. वजा केलं नाही तर १,८०० रुपये उगाच जातात. रक्कम लहान आहे, पण बिल तपासताना हीच ओळ आधी पाहावी. ठेकेदाराने गेट वजा केलं नसेल तर बाकीचं मापही नीट घेतलेलं नसण्याची शक्यता असते.

गेटचा हिशेब मात्र फुटात होत नाही. ते लोखंडाच्या वजनावर ठरतं. बारा फूट रुंद, पाच फूट उंच, सहा-सहा फुटांच्या दोन दारांचं, दोन इंची चौकोनी पाइपाची चौकट आणि आत जाळी असं गेट साधारण ९० किलोचं होतं. घडणावळीसह १२० रुपये किलोने १०,८०० रुपये. दोन्ही बाजूंचे नऊ इंची काँक्रीटचे खांब ३,५०० रुपयांप्रमाणे ७,०००. खाली दार अडकवायचं काँक्रीट, कडी-कोयंडा आणि रंग १,२००. एकूण १९,०००.

इथे पैसा वाचवायची जागा म्हणजे खांब, असं अनेकांना वाटतं, आणि गेट बिघडण्याचं मुख्य कारणही तेच. पंचेचाळीस किलोचं एक दार सहा फूट बाहेर लोंबतं आणि खांबाला सतत आपल्याकडे ओढतं. पलीकडून जाळीचाही ताण असतो. खांब दोन फूट खोल गाडला तर वर्षभरात दार जमिनीला घासतं, दोन्ही दारांच्या कड्या जुळत नाहीत, आणि मग शेतकरी गेट उचलून उघडायला शिकतो. खांबाचा पाया तीन फूट खोल आणि खाली रुंद हवा, आणि काँक्रीट ओतल्यावर किमान आठ-दहा दिवस पाणी मारून मगच दार लटकवायचं.

रुंदीही विचार करून ठरवावी. ट्रॅक्टरची ट्रॉली बारा फुटांतून सहज जाते, पण बाहेरचा रस्ता अरुंद असेल तर ती वळून आत येताना मागचं चाक खांबाला घासतं. कापणीला मोठं हार्वेस्टर येत असेल, तर त्याचं पुढचं तोंड बारा फुटांहून रुंद असतं. मग गेट सोळा फुटांचं घ्यावं लागतं आणि काठातून सोळा वजा करावे लागतात. एकदा काँक्रीटचे खांब उभे राहिले की ही चूक दुरुस्त करायला खांबच पाडावे लागतात.

अखेरचा आकडा

आता सगळं एका कागदावर मांडू.

काठ ८९८ फूट, गेट वजा जाता ८८६ फूट
जाळीचं कुंपण, १५० रुपये फुटाने: १,३२,९०० रुपये
कोपऱ्यांचे आणि ताणाचे अठरा टेके: ९,७२० रुपये
गेट, खांब आणि बाकीचं काम: १९,००० रुपये
बांधावरची बाभळं-घाणेरी काढायला जेसीबी, चार तास, १,२०० रुपये तासाने: ४,८०० रुपये
एकूण: १,६६,४२० रुपये

जीएसटी या भावांत धरला आहे की वरून लागणार, हे शेवटी विचारायचं, कारण त्याने हा आकडा पुन्हा हलतो. एकरावरून सांगितलेला आकडा १,२५,२५० होता. फरक ४१ हजारांचा. आणि १,६६,४२० ला ८९८ ने भागलं तर फुटाला १८५ रुपये येतात. दर दीडशेचाच होता, पण कुंपण पडलं १८५ रुपये फुटाने. हा दुसरा आकडा प्रत्येकाने काढावा, कारण दोन ठेकेदारांची तुलना करायची तर तीच खरी. एकाचा दर कमी आणि टेके, गेट, वाहतूक वेगळी, दुसऱ्याचा दर जास्त आणि सगळं आत, असं असेल तर नुसत्या दरावरून कळत नाही. एकूण रक्कम भागिले एकूण काठ, एवढं केलं की कळतं.

कुंपण शेत खातं, ते असं

एक खर्च या कागदावर नाही आणि तो सगळ्यात मोठा ठरू शकतो. आपल्याकडे भांडण नको म्हणून बरेच शेतकरी बांधापासून फूटभर आत कुंपण घालतात. मामांच्या शेताला चारी बाजूंनी एक फूट आत घेतलं असतं तर सुमारे ८९४ चौरस फूट जमीन कुंपणाबाहेर गेली असती. गुंठ्यात सांगायचं तर पाऊण गुंठ्याहून जास्त. कुंपणच शेत खातं, ही म्हण इथे शब्दशः खरी होते. वर्षं गेली की शेजारी त्या पट्टीत नांगर घालतो, आणि पुढची पिढी कुंपणालाच हद्द समजते.

उलट, हद्दीचा अंदाज चुकून कुंपण शेजाऱ्याच्या बाजूला गेलं, तर दीड लाखाचं काम उपटून पुन्हा लावावं लागतं. जुने दगड हललेले असतील किंवा शेजाऱ्याशी एकमत नसेल, तर आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. त्या मोजणीला लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते, खुणा जागेवर दाखवल्या जातात आणि 'क' प्रत म्हणून नकाशा मिळतो. मोबाइलवरचा गावनकाशा हद्दीचा अंदाज द्यायला ठीक आहे, पोलाचा खड्डा घ्यायला नाही.

कुंपण घालताना वाटेकडेही पाहायला हवं. बांधावरून मागच्या शेतकऱ्याची वहिवाट असेल तर ती जाळीने बंद करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार शेताच्या हद्दीवरून वाट देऊ शकतात, आणि अडवलेली वाट खुली करून घेण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. आधीच वाट सोडून कुंपण आखलं तर काठ थोडा बदलतो, आणि त्याचे फूट आपण आपल्या हाताने मोजून धरू शकतो.

मामांनी मोजणी आधी करून घेतली होती. दक्षिणेचे शेजारी त्या दिवशी हजर होते, खुणा दोघांच्या समोर लागल्या. त्यानंतर मामांनी ठेकेदाराला वहीच्या पानावर लिहून दिलं: ८८६ फूट, दहा गेज, तीन इंची डोळा, आठ फुटी नव्वद पोल, अठरा टेके, बारा फुटी गेट, प्रत्येक बंडल वजन करून. खाली दोघांच्या सह्या झाल्या. काम संपल्यावर बिल आलं तेव्हा मामांनी ते पान शेजारी ठेवलं आणि ओळीवर ओळ जुळवत पैसे दिले.